प्रतिपक्षाची माजी कर्मचारी आपल्या फर्मकडे आली तर? एमपीआरईमधील हितसंघर्षाच्या प्रश्नाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरची सगळी उत्तरे एकाच प्रसंगाभोवती फिरतात. प्रसंग आधी वाचून घ्या.

एका कारखान्यात प्रेस मशीनमध्ये कामगाराचा हात सापडला. मशीन बनवणाऱ्या कंपनीवर त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला आहे आणि आपली फर्म त्याच्या बाजूने उभी आहे. कंपनीचे वकीलही हजर झाले आहेत. आठ महिन्यांपूर्वी कंपनी सोडून गेलेल्या गुणवत्ता विभागाच्या मॅनेजर एके दिवशी फर्मला फोन करतात. "त्या मशीनच्या सेन्सरबद्दल मला माहिती आहे, शिवाय कंपनीने मला अन्यायाने काढले, माझाही दावा तुम्ही चालवाल का?" असे त्या विचारतात. त्यांच्याजवळ एक पेन ड्राइव्ह आहे. कंपनीचे वकील अपघाताबद्दल बोलत होते, त्या बैठकीला त्या हजर होत्या. ज्या खेपेत हे मशीन होते, ती खेप बाहेर पाठवण्याच्या कागदावर सहीही त्यांचीच आहे.

### हा प्रश्न कोणत्या परीक्षेत येतो?

अमेरिकेत वकिलीची सनद मिळवण्यासाठी बहुतेक राज्यांत एमपीआरई ही व्यावसायिक नीतिमत्तेची वेगळी परीक्षा द्यावी लागते. दोन तासांत ६० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांतले ५० गुणांसाठी धरले जातात. गुण ५० ते १५० या पट्टीवर मिळतात, न्यूयॉर्कला ८५ लागतात. पुण्या-मुंबईहून एलएलबी करून तिकडे एलएलएमला गेलेले अनेक जण न्यूयॉर्कची बार परीक्षा देतात आणि त्यांना एमपीआरई चुकत नाही. परीक्षेचा आधार म्हणजे अमेरिकन बार असोसिएशनचे आदर्श नियम आणि त्यांवरील टिपा. खाली "नियम ४.२" वगैरे म्हटले आहे ते या नियमांचे क्रमांक आहेत.

### प्रतिपक्षाच्या माजी कर्मचाऱ्याशी त्यांच्या वकिलाला न विचारता बोलणे हाच नियमभंग नाही का?

नाही. सर्वाधिक विद्यार्थी इथेच चुकतात.

नियम ४.२ सांगतो की त्या प्रकरणात ज्या व्यक्तीला वकील आहे हे तुम्हाला माहीत आहे, तिच्याशी त्या प्रकरणाबद्दल तिच्या वकिलाच्या संमतीशिवाय बोलायचे नाही. कायद्याने किंवा न्यायालयाच्या आदेशाने परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. समोर कंपनी असली की प्रश्न पडतो की कंपनी म्हणजे कोण. याचे उत्तर टीप ७ मध्ये आहे. या प्रकरणाबाबत कंपनीच्या वकिलाला सूचना देणारे, त्याच्याशी नियमित सल्लामसलत करणारे किंवा त्याच्यावर देखरेख ठेवणारे लोक, प्रकरणात कंपनीला बांधून घेण्याचा अधिकार असलेले लोक, आणि ज्यांच्या कृतीची किंवा चुकीची जबाबदारी कंपनीवर येऊ शकते असे लोक, या तिन्ही गटांशी परस्पर बोलता येत नाही. मात्र त्याच टिपेत पुढे स्पष्ट म्हटले आहे की माजी सदस्याशी बोलण्यासाठी कंपनीच्या वकिलाची संमती लागत नाही.

त्यामुळे आपल्या प्रसंगातल्या मॅनेजर आजही नोकरीत असत्या, तर मशीनच्या खेपेवरच्या सहीमुळे त्या तिसऱ्या गटात बसल्या असत्या आणि फोन तिथेच थांबवावा लागला असता. नोकरी सुटली, त्यासोबत ४.२ चा अडसरही सुटला. त्या किती वरच्या पदावर होत्या, याने उत्तर बदलत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. या प्रकरणासाठी त्यांनी स्वतःचा वकील नेमला असेल, तर ४.२ पुन्हा लागू होतो आणि संमती त्या वकिलाची घ्यावी लागते. म्हणून फोनवरचा पहिला प्रश्न हाच: "या प्रकरणात तुमचा वकील आहे का?"

### फोन त्यांनीच केला, मग नियम सैल होतो का?

ज्या व्यक्तीला वकील आहे तिच्या बाबतीत मुळीच नाही. ४.२ चे संरक्षण ती व्यक्ती स्वतःहून सोडू शकत नाही. तिने आधी फोन केला किंवा "मला चालेल" म्हटले, तरी वकिलाने बोलणे थांबवायला हवे. पर्यायांत "कारण संपर्क तिनेच साधला" असे कारण दिसले की तो पर्याय बहुधा चुकीचा निघतो. आपल्या प्रसंगात संपर्क चालतो, पण त्याचे कारण त्या माजी आहेत आणि त्यांना वकील नाही, हे आहे.

### एलएलबीला शिकलेला भारतीय नियम इथे वापरला तर?

गल्लत होईल. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत प्रतिपक्षाबद्दलच्या कर्तव्यांमध्ये नियम ३४ आहे: वकील असलेल्या पक्षकाराशी वादविषयावर त्याच्या वकिलामार्फतच बोलायचे. पक्षकार कंपनी असेल तर तिचे कोणते कर्मचारी त्यात मोडतात आणि माजी कर्मचाऱ्याचे काय, याची अमेरिकन टीप ७ सारखी फोड त्यात केलेली नाही. भारतात शिकलेला विद्यार्थी "प्रतिपक्षाचा माणूस म्हणजे प्रतिपक्ष" हे गृहीत धरून येतो आणि संपर्कच चूक ठरवणारा पर्याय निवडतो. मागच्या अशिलाची माहिती वापरून पुढे त्याच्याच विरुद्ध उभे राहायचे नाही, हे मूळ तत्त्व मात्र दोन्हीकडे आहे. आपल्याकडे नियम ३३ सांगतो की दाव्याबाबत एका पक्षाला सल्ला दिला किंवा त्याच्यासाठी कागद तयार केले, तर त्याच दाव्यात समोरच्या पक्षासाठी काम करायचे नाही.

### बोलता येते हे कळले. आता फोनवर नेमके काय बोलायचे?

समोरची व्यक्ती वकिलाविना आहे, म्हणून नियम ४.३ लागू होतो. आपण तटस्थ आहोत असा आभास होऊ द्यायचा नाही, आणि समोरच्याचा गैरसमज झालेला दिसला तर तो दूर करायचा. हितसंबंध आपल्या अशिलाच्या हिताशी भिडण्याची शक्यता असेल, तर "स्वतःचा वकील करा" याखेरीज कोणताही कायदेशीर सल्ला द्यायचा नाही.

प्रत्यक्षात क्रम असा ठेवावा. आधी सांगावे, "आम्ही त्या जखमी कामगाराचे वकील आहोत, तुमचे नाही." मग वकील आहे का, ते विचारावे. त्यानंतर सांगावे, "कंपनीच्या वकिलांशी तुमचे किंवा तुमच्यासमोर जे बोलणे झाले, त्यातले काहीही आम्हाला सांगू नका." आणि शेवटी, सर्वांत महत्त्वाचे: "तुम्ही साक्षीदार म्हणून बोलत आहात की आमच्याकडून वकिली सल्ला हवा आहे?" या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत घटनेचा तपशील ऐकू नये. पुढे हितसंघर्ष उभा राहतो की नाही, ते या एका उत्तरावर ठरते. कारण खाली येते.

### साक्षीदार आणि संभाव्य अशील यांत एवढा काय फरक? सांगणारी व्यक्ती एकच, माहितीही तीच.

माहिती तीच असली तरी तिच्यावर फर्मचा हक्क पूर्ण बदलतो. या प्रसंगाचा गाभा हाच आहे, म्हणून थोडे सविस्तर.

समजा मॅनेजर म्हणाल्या, "सेन्सर चाचणीत नापास झाला होता, हे मला माहीत होते, तरी वरून दबाव आल्यामुळे मी खेपेवर सही केली." त्या साक्षीदार म्हणून बोलत असतील, तर ही वस्तुस्थितीची माहिती आहे. फर्म ती आपल्या अशिलासाठी वापरू शकते, त्यावर त्यांची साक्ष घेऊ शकते, आणि गरज पडली तर त्यांनाच प्रतिवादी करण्याचा सल्लाही अशिलाला देऊ शकते.

तेच वाक्य "माझा दावा घ्याल का" या चौकशीच्या ओघात आले, तर त्या नियम १.१८ खाली संभाव्य अशील ठरतात. अशील-वकील नाते जोडता येईल का, यासाठी जो वकिलाचा सल्ला घेतो तो संभाव्य अशील. नाते पुढे जुळले नाही तरी फर्म ती माहिती उघड करू शकत नाही आणि त्यांच्या अहिताला वापरू शकत नाही. आता फर्मच्या हाती अशी एक गोष्ट आहे, जी कामगाराच्या दाव्याला प्रचंड उपयोगी आहे, पण त्याला सांगता येत नाही. कामगाराला आवश्यक ती माहिती देणे आणि त्याच्यासाठी झटून काम करणे हे फर्मचे कर्तव्य, तर मॅनेजरची गोष्ट झाकून ठेवणे हेही कर्तव्य. एका कर्तव्यामुळे दुसरे आखडण्याची भरीव शक्यता निर्माण झाली, की नियम १.७(अ)(२) खालचा हितसंघर्ष उभा राहतो. मॅनेजरना अशील म्हणून स्वीकारलेसुद्धा नाही, तरी.

म्हणूनच नात्याचे स्वरूप बोलण्याआधी ठरवायचे, बोलणे झाल्यावर नव्हे.

### त्यांनी वकिली सल्ला मागितला, पण आपण त्यांचा दावा घेतला नाही. मूळ खटला सोडावा लागेल का?

नियम १.१८(क) खाली अपात्रता येण्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात. प्रकरण तेच किंवा भरीव संबंध असलेले असावे. चालू अशिलाचे हित संभाव्य अशिलाच्या हिताला ठळकपणे विरोधी असावे. आणि मिळालेली माहिती त्या संभाव्य अशिलाला लक्षणीय हानी पोहोचवू शकणारी असावी. तिन्ही तपासल्याशिवाय उत्तर लिहू नका.

आपल्या प्रसंगात पहिली अट पुरी होते, कारण मॅनेजरच्या गोष्टीत सेन्सरचीच हकीकत आहे. दुसरी अट फसवी आहे. वरवर पाहता कामगार आणि मॅनेजर दोघेही कंपनीच्या विरुद्ध आहेत, मग विरोध कुठे? फक्त "मला चुकीने काढले, थकीत पगार हवा" एवढेच असते, तर विरोध नसता आणि १.१८(क) लागू झाला नसता. पण सहीचा कागद आल्यावर चित्र बदलते. कामगार त्यांना प्रतिवादी करू शकतो, आणि कंपनी "चूक त्या बाईंची" असा बचाव घेऊ शकते. नापास सेन्सरची कबुली आली की तिसरी अटही पुरी होते.

तरीही फर्मपुढे दोन मार्ग राहतात. एक, कामगार आणि मॅनेजर दोघांचीही माहितीपूर्ण संमती, लेखी स्वरूपात पक्की केलेली. दुसरा मार्ग पडदा उभारण्याचा, पण तो कधी उघडतो ते नीट पाहा. ज्या वकिलाने फोन घेतला, त्याने दावा घ्यावा की नाही हे ठरवण्यापुरतेच ऐकण्याची वाजवी काळजी घेतलेली हवी. त्याला वेळेत प्रकरणापासून वेगळे काढलेले हवे, त्या प्रकरणाच्या फीत त्याचा वाटा नको, आणि मॅनेजरना त्वरित लेखी कळवलेले हवे. पडद्याआड जातो तो फोन घेणारा वकील, खटला पुढे नेतात बाकीचे.

इथे व्यवहारातली अडचण दिसते. फोन खटल्याच्या मुख्य वकिलानेच घेतला आणि अर्धा तास सगळे ऐकून घेतले, तर काळजी घेतली असे म्हणता येत नाही आणि पडद्याचा मार्ग बंद होतो. म्हणून चांगल्या फर्ममध्ये असे फोन खटल्याबाहेरचा वकील घेतो आणि आधी फक्त नावे, पक्ष आणि विषय एवढेच विचारतो.

### आधीच संमती घेऊन हा गुंता टाळता येतो का?

येतो. नियम १.१८ ची टीप ५ सांगते की चौकशीपूर्वी वकील अशी अट घालू शकतो की या बोलण्यात काही उघड झाले तरी फर्म दुसऱ्या अशिलाचे काम चालू ठेवेल. स्पष्टपणे ठरवले असेल, तर ती माहिती वापरण्याची संमतीही घेता येते. पण संमती माहितीपूर्ण हवी. "तुम्ही जे सांगाल ते आमचा अशील तुमच्याविरुद्ध वापरू शकतो" हे त्यांना समजलेले हवे. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत घातलेली ओळ पुरत नाही.

### दोघांचेही दावे चालवायचे ठरवले तर?

मग नियम १.७ पूर्णपणे लागू होतो. समांतर प्रतिनिधित्वातला हितसंघर्ष संमतीने दूर करण्यासाठी चार गोष्टी लागतात: दोघांनाही सक्षम आणि तत्पर सेवा देता येईल असे वकिलाला वाजवीपणे वाटले पाहिजे, कायद्याने मनाई नसावी, एकाच खटल्यात एका अशिलाचा दुसऱ्या अशिलावर दावा नसावा, आणि दोघांची माहितीपूर्ण संमती लेखी पक्की झालेली असावी.

प्रत्यक्ष प्रसंगावर लावून पाहा. कामगाराच्या हितासाठी मॅनेजरना प्रतिवादी करावे का, हा प्रश्न कधीतरी येणारच. दोघांचा वकील असलेला माणूस तो मोकळेपणाने विचारू शकत नाही. कामगाराच्या खटल्यात मॅनेजर साक्षीदार असतील आणि कंपनीचा वकील त्यांना सहीबद्दल उलटतपासणीत धारेवर धरेल, तेव्हा त्यांना वाचवायचे की कामगाराच्या फायद्यासाठी कबुली येऊ द्यायची? कंपनीने "दोघांचे मिळून एवढे देतो" म्हटले, तर नियम १.८(ग) प्रमाणे प्रत्येक दाव्याचे स्वरूप आणि प्रत्येकाचा वाटा सांगून, प्रत्येकाची स्वाक्षरीयुक्त लेखी माहितीपूर्ण संमती लागते.

संमती घेण्यातही अडथळा आहे. कामगाराला धोका समजावून सांगायचा तर मॅनेजरची कबुली सांगावी लागेल. त्यांनी ते सांगायला नकार दिला, तर कामगाराकडून योग्य संमती मागणेच शक्य नाही. सहीचा कागद नसता, तर संमतीने दोन्ही दावे चालवणे योग्य ठरू शकले असते. सहीच्या कागदासह आमचे स्पष्ट मत असे की फर्मने मॅनेजरचा दावा घेऊ नये.

आणि "फर्ममधले दोन वेगळे वकील दोन दावे घेतील, मध्ये पडदा" हा पर्याय दिसला तर तो खोडा. १.१० खाली एका वकिलाचा १.७ चा संघर्ष पूर्ण फर्मला लागतो. आदर्श नियमांत तिथे पडदा चालतो तो दुसऱ्या फर्ममधून आलेल्या वकिलाच्या जुन्या अशिलाबाबत. एकाच वेळच्या दोन अशिलांतला संघर्ष पडद्याने सुटत नाही.

### वकिलांच्या बैठकीत काय झाले, ते त्या सांगू लागल्या तर?

थांबवा, त्याच क्षणी. वकील-अशील संवादाचा विशेषाधिकार कंपनीचा आहे, मॅनेजरचा नव्हे. अपजॉन खटल्यात १९८१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनीच्या वकिलाशी कर्मचाऱ्यांचे बोलणेही या संरक्षणात येते, पण संरक्षण संवादाला आहे, त्यामागच्या वस्तुस्थितीला नाही. १९८५ च्या वाइनट्रॉब खटल्यात ठरले की कंपनीचा विशेषाधिकार सोडण्याचा अधिकार सध्याच्या व्यवस्थापनाकडे असतो. गेलेला अधिकारी तो सोडू शकत नाही.

आपल्या प्रसंगात याचा अर्थ असा: "सेन्सर कधी नापास झाला?" हे विचारता येते. "त्याबद्दल तुम्ही कंपनीच्या वकिलाला काय सांगितले?" हे विचारता येत नाही. वस्तुस्थिती वकिलाला सांगितल्यामुळे ती लपत नाही. तसेच मॅनेजर राजी आहेत म्हणून बैठकीतले बोलणे खुले होत नाही.

न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयासमोर २००७ मध्ये म्युरिएल सीबर्ट विरुद्ध इंट्यूट या खटल्यात जवळपास हाच प्रश्न आला. इंट्यूटच्या वकिलांनी सीबर्ट कंपनीच्या माजी मुख्य परिचालन अधिकाऱ्याशी परस्पर बोलणे केले होते, आणि तो अधिकारी नोकरीत असताना याच खटल्याच्या तयारीतही होता. बोलण्याआधी वकिलांनी त्याला संरक्षित माहिती न सांगण्याबद्दल बजावले होते. न्यायालयाने त्या वकिलांना अपात्र ठरवले नाही. म्हणून फोनवरची ती सूचना लेखी नोंदवून ठेवणे एवढे मोलाचे आहे. उद्या कंपनीने अपात्रतेचा अर्ज केला, तर बचाव त्या नोंदीवर उभा राहतो.

### पेन ड्राइव्ह घ्यायचा की नाही?

आधी त्यात काय आहे ते न उघडता विचारा. नियम ४.४(ब) फक्त चुकून पाठवलेल्या कागदांसाठी आहे. असा कागद आला तर पाठवणाऱ्याला त्वरित कळवायचे. मॅनेजर पेन ड्राइव्ह मुद्दाम देत आहेत, म्हणून ४.४(ब) लागू होत नाही. बहुपर्यायी प्रश्नांत "४.४(ब) प्रमाणे लगेच कळवावे" हा पर्याय या कारणाने चुकतो.

याचा अर्थ खुशाल वापरा असा नाही. ४.४(अ) त्रयस्थाच्या कायदेशीर हक्कांचा भंग करणाऱ्या मार्गाने पुरावा मिळवायला मनाई करतो. "ऑफिसातून आणखी फायली काढून आणा" असे सांगितले, की फर्म सरळ त्यात सापडते. पेन ड्राइव्ह चोरीचा किंवा गोपनीयता कराराच्या विरुद्ध उचललेला असेल, तर इतर कायदे लागू होतात आणि न्यायालय ते कागद परत करायला लावू शकते किंवा फर्मला अपात्र ठरवू शकते. सुरक्षित वाट अशी: उघडायचा नाही, सीलबंद ठेवायचा, आणि कंपनीकडून तेच कागद रीतसर डिस्कव्हरीत मागायचे. कोणता अहवाल मागायचा हे साक्षीदाराच्या बोलण्यातून कळलेले असतेच.

### त्यांना फर्ममध्ये नोकरी दिली तर?

वकील नसलेल्या व्यक्तीमुळे पूर्ण फर्म अपात्र ठरत नाही, असे १.१० ची टीप ४ सांगते. पण तिला साधारणपणे त्या प्रकरणापासून पूर्ण वेगळे ठेवावे लागते. शिवाय महत्त्वाच्या साक्षीदाराला पगारावर घेणे हे साक्षीची किंमत मोजल्यासारखे दिसते, म्हणून नियम ३.४(ब) चाही धोका आहे.

त्या कंपनीच्या इन-हाऊस वकील असत्या, तर प्रश्न अधिक कडक होतो. मग कंपनी त्यांची माजी अशील आणि १.९ लागू होतो. त्या या प्रकरणावर काम करत असतील, तर त्यांना कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कामगारासाठी काम करता येणार नाही. फर्म वाचते ती पडदा, फीत वाटा नाही, कंपनीला लेखी सूचना आणि मागितल्यावर पालनाची प्रमाणपत्रे यांवर. एमपीआरईला आदर्श नियम धरायचे. न्यूयॉर्कने आपल्या नियमांत दुसऱ्या फर्ममधून येणाऱ्या वकिलासाठीची ही पडद्याची तरतूद घेतलेली नाही, हे प्रत्यक्ष वकिली करताना लक्षात असू द्या.

### साक्षीसाठी पैसे देता येतात का?

प्रवास, मुक्काम, साक्षीसाठी बुडालेला वाजवी रोजगार, हे चालते. घटनेच्या साक्षीदाराला साक्ष देण्याबद्दल फी देणे किंवा निकालावर अवलंबून रक्कम ठरवणे चालत नाही.

### कंपनीचा वकील त्यांना "समोरच्यांशी बोलू नका" म्हणू शकतो का?

नाही. जो आपला अशील नाही, त्याला "समोरच्या पक्षाला स्वेच्छेने माहिती देऊ नका" असे सांगण्यास नियम ३.४(फ) मनाई करतो. अपवाद अशिलाचे नातेवाईक, कर्मचारी किंवा प्रतिनिधी यांचा, आणि तोही त्यांचे नुकसान होणार नाही असे वाजवीपणे वाटत असेल तर. माजी कर्मचारी या यादीत नाही. सध्याच्या कर्मचाऱ्याला असे सांगणे चालते, माजीला नाही. परीक्षक हा एक शब्द बदलून पूर्ण उत्तर फिरवतात.

### प्रत्यक्ष पर्याय कसे दिसतात आणि कसे वाचायचे?

समजा प्रश्न असा आहे: फर्मच्या मुख्य वकिलाने मॅनेजरचा फोन घेतला, आपण कामगाराचे वकील आहोत हे सांगितले, वकील नसल्याची खात्री केली, बैठकीबद्दल बोलू नका असे बजावले, आणि सेन्सरच्या चाचणीबद्दल विचारले. त्यांनी सल्ला मागितला नव्हता. वकील शिस्तभंगास पात्र आहे का?

पर्याय एक: होय, कारण त्याने कंपनीच्या वकिलाची संमती घेतली नाही. चूक, माजी कर्मचाऱ्यासाठी ती लागत नाही.

पर्याय दोन: होय, कारण मॅनेजरच्या कृतीची जबाबदारी कंपनीवर येऊ शकते. हा सर्वांत आकर्षक सापळा आहे. ही कसोटी खरी आहे, पण नोकरीत असलेल्यांसाठी. अर्धा नियम आठवणारे इथे अडकतात.

पर्याय तीन: नाही, कारण फोन मॅनेजरनी केला. उत्तर बरोबर, कारण चूक, म्हणून पर्याय चूक.

पर्याय चार: नाही, कारण त्या माजी कर्मचारी असून त्यांना वकील नव्हता आणि वकिलाने संरक्षित माहिती काढून घेतली नाही. हाच बरोबर.

आता याच प्रश्नात एक वाक्य घाला: "त्यांनी आधी विचारले की फर्म त्यांचा दावा घेईल का, आणि वकिलाने 'सगळे सांगा, मग बघू' म्हटले." प्रश्न शिस्तभंगाऐवजी अपात्रतेचा होतो, ४.२ बाजूला पडतो आणि १.१८ पुढे येतो. प्रश्न वाचताना शेवटची ओळ आधी पाहा. "शिस्तभंगास पात्र", "अपात्र ठरेल" आणि "योग्य आहे का" या तीन वेगळ्या चौकशा आहेत, आणि एकाच घटनेवर तिन्हींची उत्तरे वेगळी येऊ शकतात.